बिनआकड्यांचं गणित

गणिताच्या मास्तराजवळ पगार टिकत नाही, किस्से मात्र टिकतात! आमच्या आर्वीकडच्या शाळेतला एक तर अजून मला स्वस्थ बसू देत नाही. स्वातंत्र्य मिळून तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील.

चौथीत चंद्री होती. भागाकार फळ्यावर टाकला की मी खडू खाली ठेवायच्या आत उत्तर! पण 'एका शेतकऱ्याने' एवढं वाचलं की पोरीचा पुतळा. एकदा मी ओरडलो, "अगं, गुणाकार की भागाकार?"

रडत म्हणाली, "गुरुजी, तुम्ही म्हणान तो करतो!"

*

दुसऱ्या दिवशी तिच्या बापाची चिठ्ठी आली.

"गुरुजींस नमस्कार. शब्दांचं गणित असलं की चंद्री सकाळी जेवत नाई. त्यात आकडे दिसले की घाबरते अन् हाती येईल ते करते. घरी गोष्टीसारखं सांगतलं तं समजते. तिले घाई करू नका, चारचौघांत उभी करू नका. यंदा नापास झाली तं आजा शाळेतून काढतो म्हणते. तिले शिकू द्या जी."

मी ती मास्तरांच्या खोलीत वाचून दाखवली. हिंदीचे देवराव मास्तर म्हणाले, "घ्या! आता गणिताले पाळण्यात घालून झोके द्या!"

सगळे हसले. मला मात्र स्वतःची लाज वाटली.

*

मी फळ्यावरचे आकडे पुसूनच टाकले! 'काही बाया कापूस वेचतात. त्यातल्या काही आल्या नाहीत.' चंद्रीला जवळ बसवून विचारलं, "कोण आहे? काय करून राह्यले? विचारलं काय? दिवस वाढतील की कमी होतील?" तिनं चित्र काढायचं, गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची, आकडे सगळ्यात शेवटी.

हेडमास्तर दारात थबकले. "मास्तर, आकडे कुठे गेले?"

"रजेवर आहेत सर!"

हळूहळू पोरगी जेवून शाळेत यायला लागली.

*

आणि परीक्षेला शाळा तपासणारे साहेब आले! नेमकं चंद्रीलाच उभं केलं. "बारा बाया एक शेत सहा दिवसांत वेचतात. आठ बाया किती दिवसांत वेचतील?"



चंद्रीनं डोळे मिटले. "बाया कमी झाल्या, तं दिवस वाढतीन. सहाच्या वर." मग बोटानं हवेत रेघा मारल्या. "एकटी बाई असती तं बहात्तर दिवस. आठजणीत वाटले, तं नऊ."

"शाबास!" साहेबांनी पेन उचललं.

"पण दहा लागतीन जी."

अरे देवा! दारात उभ्या देवराव मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"दहा? का बरं?"

"मधात बाजाराचा दिवस येते. त्या दिवशी वावरात कोणी येत नाई."

साहेब पुढे झुकले. "मग त्या बारा बायांना बाजार नव्हता का?"

"त्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी लागल्या ना जी! पुढच्या बाजाराच्या आत उरकलं त्याइचं."

साहेबांनी बोटांवर वार मोजले. पुन्हा मोजले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, ही पाचवीत कुठे बसेल ते आत्ताच दाखवा!"