नाला चढताना डावीकडची सीट

माझा भाऊ जीपच्या मागच्या चाकांच्या लॉकचं बटण नेमकं चुकीच्या वेळी दाबतो. हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल त्याला गणतीच नाही. पालथ्या घड्यावर पाणी! "ताई, अडकल्याशिवाय लॉक कशाला लावायचं?" असं तो हसत विचारतो आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अरे बाबा, अडकल्यावर लावलंस तर ते बैल गेला अन् झोपा केला, यातलं झालं ना!

कॅम्प चारमध्ये आमची शेड आहे. फोर-व्हील-ड्राइव्हच्या गाड्यांचं काम करतो आम्ही. वडिलांनी उभी केलेली. मी राहते शेजारच्या अंबरनाथला, नवऱ्याच्या घरी, पण बारा वर्षं झाली, रोज सकाळी शेडचं शटर मीच वर करते. गिअरबॉक्स उतरवणं, लो रेंजची पेटी खोलणं, डिफरन्शिअल बसवणं, सगळं हाताखालून गेलंय. भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. तो काउंटरवर बसतो. गिऱ्हाइकाशी हिंदी, सिंधी, मराठी जे लागेल ते बोलतो, आणि गोड बोलतो. ते मला जमत नाही. मी गिऱ्हाइकाला सरळ सांगते, गाडी तुम्ही मोडलीत, गाडी आपोआप मोडलेली नाही.

आमच्या शेडची एक रीत आहे. गिऱ्हाइकाची गाडी ट्रायलला न्यायची असेल, तर आधी शेडची जुनी जीप बारवी धरणाकडच्या एका नाल्यातून वर काढून दाखवायची. पावसाळा संपला की तिथे नुसते दगड उरतात. खालून वर साठ-सत्तर पावलं, मध्यावर एक गुडघाभर उंचीची पायरी. बाबा वर बसून बघतात. एक्सिलेटरचा आवाज चढला की नापास. आजवर शेडमध्ये टिकलेल्या प्रत्येक मेकॅनिकने तो नाला काढलाय.

मला कधी काढायला सांगितलं नाही. मी एकदा म्हटलं होतं. बाबा म्हणाले, "तुला कशाला? तुझा हात आतल्या कामाला चांगला आहे."

या वर्षी बाबांचे गुडघे पार गेले. गाडीखाली जाता येईना. दिवाळीनंतर एका रविवारी त्यांनी जाहीर केलं, "चला नाल्यावर. काय ते ठरवून टाकू." म्हणजे शेड कोणाच्या हातात द्यायची ते. उघड कोणी बोललं नाही, पण तिघांनाही कळलं होतं. मी जीपमध्ये मागे बसले. माझ्या हातात बाबांची घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास. बारा वर्षांची मेकॅनिक, आणि खुर्ची धरून बसलेली!

बदलापूर गाव मागे पडलं, भातं कापून झालेली होती, शेतात नुसती धसकटं. नाल्याच्या वरच्या तोंडाशी गावाचा काँक्रीटचा रस्ता संपतो. तिथे मी खुर्ची मांडली, बाबांना बसवलं. भाऊ जीप घेऊन शेताच्या बांधाने वळसा घालून खाली गेला.

पहिला प्रयत्न बघवेना. पठ्ठ्याने लो रेंज लावलीच नाही. गिअरशेजारचा छोटा दांडा हाय रेंजलाच ठेवला, म्हणजे चारही चाकं फिरतात खरी, पण रस्त्यावरच्या वेगाने. मग गाडी हळू चालवायची कशी? क्लच अर्धा दाबून. क्लच जळल्याचा वास मला वरपर्यंत आला. पायरीपाशी मागचं डावं चाक अधांतरी झालं आणि गरागरा फिरायला लागलं. उजवं चाक दगडावर घट्ट टेकलेलं, पण ते ढिम्म. लॉक नसलं की डिफरन्शिअल असंच करतं, ज्या चाकाला अडवणारं काही नाही तेच फिरत राहतं, आणि ज्याच्या पायाखाली जमीन आहे ते नुसतं बसून राहतं.

"आता दाबू नकोस!" मी वरून ओरडले.

त्याने दाबलंच. फिरत्या चाकावर लॉक! खाडकन असा आवाज आला की बाबांनी डोळे मिटले. गाडीला एक हिसका बसला, इंजिन बंद पडलं, आणि जीप दोन हात मागे घरंगळून दगडाला टेकली.

मी धावत खाली गेले. आधी गाडीखाली शिरले, मग त्याला शिव्या घातल्या. मागच्या डिफरन्शिअलचं घर शाबूत होतं, तेल गळत नव्हतं. त्याला जीप खालपर्यंत मागे घ्यायला लावली आणि सपाटीवर सरळ रेषेत चालीच्या वेगाने चालवून लॉक लावून पाहिलं. डॅशवरचा दिवा लागला, काढल्यावर विझला. वाचलो. आतला दात तुटला असता तर महिनाभर जीप शेडमध्ये घोड्यावर चढवून ठेवावी लागली असती.

"ताई," तो हळूच म्हणाला, "मला भीती वाटते गं या नाल्याची. पायरी आली की हात-पाय गार पडतात." त्याचा चेहरा असा पडलेला, की माझा राग तोंडातच राहिला. लहानपणी सायकलवरून पडला की असाच यायचा माझ्याकडे.

वरून बाबांचा आवाज आला, "डावं चाक उचलतंय! तू बस त्याच्या बाजूला. वजन राहील!"

वजन. मी काय सिमेंटचं पोतं आहे? पण बसले. डावीकडच्या सीटवर.

आता आमच्या जीपचं असं आहे की छोटा दांडा मधोमध आहे आणि लॉकचं बटण डॅशच्या मध्यावर. दोन्हीकडे डाव्या सीटवरून हात सहज पोचतो. भावाने माझ्याकडे बघितलं. "करशील ना?"

"तू फक्त स्टिअरिंग धर आणि मी सांगते ते ऐक," मी म्हटलं. "थांबलायस ना पूर्ण? क्लच दाब. गिअर न्यूट्रलला घे." मी छोटा दांडा मागे ओढला, लो रेंजला. आधी अडला, मग गाडी वीतभर पुढे सरकू दिली तसा खट्कन बसला. "आता पहिला गिअर टाक, क्लच सोड, आणि दोन्ही पाय पेडलवरून काढून खाली ठेव."

"एक्सिलेटर?"

"नको! लोमध्ये इंजिन स्वतः ओढतं. तुझी गरज नाही त्याला."

जीप मुंगीच्या चालीने निघाली. दगडावर चढायची, उतरायची, इंजिनाचा सूर तसाच. भाऊ तोंड उघडं टाकून बसला होता. हेच मी त्याला चार वर्षं सांगत होते! उतारावरसुद्धा लोच लावायची, ब्रेक न दाबता इंजिनच गाडी धरून ठेवतं. पण ऐकेल तर शपथ.

पायरीच्या अलीकडे दहा हातांचा सरळ तुकडा आहे. चाकं चारही जमिनीवर, एकही घसरत नव्हतं. हीच ती वेळ. चाक उचलण्याच्या आधी. "स्टिअरिंग सरळ ठेव," मी म्हटलं आणि बटण दाबलं. आवाजसुद्धा झाला नाही. दिवा लागला. आता मागची दोन्ही चाकं एकमेकांना बांधली गेली, एक हवेत गेलं तरी दुसऱ्याला फिरावंच लागणार.

पायरी आली. डावं चाक पुन्हा उचललं गेलं, माझी बाजू वर आली. भावाचा पाय एक्सिलेटरकडे निघाला, मी त्याच्या गुडघ्यावर फटका मारला. उजव्या चाकाने दगड पकडला आणि जीप अख्खी शांतपणे वर आली. मला काय वाटलं सांगू? रडू फुटणार होतं. बारा वर्षं मी ज्या पेट्या उघडून बंद करत होते, त्यांच्याच जोरावर पहिल्यांदा तो नाला चढले होते.

वर आलो. भावाने गाडी बाबांच्या पुढ्यात उभी केली, इंजिन चालूच. बाबा काठी टेकत उठले. खिशातून शेडच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि भावाच्या हातावर ठेवला.

"जमलं तुला," ते म्हणाले. "उद्यापासून ट्रायल तू घ्यायच्या. शेडही तूच बघायची."

भाऊ माझ्याकडे बघेना. किल्ल्या त्याच्या हातात तशाच. मी वाट बघितली. बोल ना रे! बोल की ताईने केलं! तो खाली बघत राहिला. आणि मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही.

"बाबा, लो मी लावली. लॉक मी लावलं. त्याने नुसतं स्टिअरिंग धरलं होतं."

"दिसलं मला," बाबा म्हणाले. अगदी सहज. "त्याचे दोन्ही हात सगळा वेळ स्टिअरिंगवरच होते. आंधळा नाही मी."

"मग?"

"मग काय? तू आहेसच की बाजूला."

ते मागे चढून बसले, खुर्ची त्यांची त्यांनीच आत ओढली. रागावलेसुद्धा नव्हते. त्यांच्या लेखी यात रागावण्यासारखं काही नव्हतंच. माझ्या कानशिलात आग लागली होती. मी थर्मास उचलला आणि पुन्हा डावीकडच्या सीटवर बसले.

भावाने गाडी काढली. पाच हातांवर गावाचा काँक्रीटचा रस्ता आणि लगेच डावीकडे काटकोनात वळण. लो तशीच, लॉक तसंच. टणक रस्त्यावर वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी, आणि लॉक असलं की दोघांनाही सारखंच फिरायला लागतं. मग टायर घासतो, गाडी वळायला नकार देते, सगळा ताण डिफरन्शिअलच्या दातांवर येतो. कोरड्या काँक्रीटवर तर अजून वाईट.

टायर किंचाळला. भाऊ दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत होता आणि जीप सरळ बांधाकडे निघाली होती, अगदी हळू, पण निघाली होती.

"लॉक काढ," मागून बाबा म्हणाले.

मला म्हणाले. भावाला नाही. ते मला कळलं, त्यालाही कळलं.

मी हात मांडीवर ठेवले.

"अगं, लॉक काढ ना!"

"किल्ल्या ज्याच्याकडे आहेत त्याला सांगा," मी म्हटलं.

भावाने बांधापाशी गाडी थांबवली. तो डॅशवर बटण शोधायला लागला. आम्हा दोघांच्या मधोमधच होतं ते, एरवी नको तेव्हा दाबायचा, पण आता घाबरून त्याला सापडत नव्हतं, आणि आरशात बाबा माझ्या मांडीवरच्या हातांकडे बघत होते.