वास येतोय जरासा

मुलाखतीच्या दिवशी काकूला धास्ती असते. उमेदवारांना नाही, काकूलाच. गॅसच्या शेगड्या विकणाऱ्या कंपनीत अकरा वर्षं तक्रारींचे फोन घेतेय, कुणाच्या बापाला घाबरत नाही. पण मुलाखतीत खोटं गिऱ्हाईक व्हायचं कामही तिचंच.

उमेदवार काचेच्या खोलीत, काकू शेजारच्या बंद खोलीत. तोंड दिसत नाही, फोनवर नुसता आवाज. सगळ्यांना नाटक एकच: शेगडी उशिरा आली, बर्नर वाकडा, पैसे परत द्या. आणि भांडता भांडता मधेच, सहज एक वाक्य: "वासपण येतोय जरासा."

ते वाक्य काकूनंच घातलंय. आठ वर्षांपूर्वी एक म्हातारी फोनवर खरंच तसं म्हणाली होती. काकू ऑर्डर नंबर विचारत बसली. दोनदा विचारला. फोन कट झाला. नंतर कितीदा लावला, उचलला नाही कुणी. काय झालं ते आजतागायत माहीत नाही.

आज जागा एक, उमेदवार तीन. पहिला आवाज चढवून बाद झाला. दुसरा टायवाला.

"मॅडम, तुमचा त्रास समजतो मला. ऑर्डर नंबर सांगाल?"

वास त्याच्या कानावरून गेला. काकूनं फोन ठेवला.

"काय गोड बोलतो!" काकूशेजारी बसून ऐकणारे साहेब गुण मांडत म्हणाले. "हाच घेऊ."

"गोड बोलला. बाई मेली असती."

"अगं, नाटक आहे ते!"

"फोनवर कळतं का, नाटक की खरं?"

"तिसरीनंही ते वाक्य सोडलं, तर टायवाला. सोमवारी खुर्ची भरायचीय मला."

तिसरी पोरगी नमस्कारच विसरली. आवाज लटपटत होता. काकूनं तिलाही तसंच झापलं. वाक्य जवळ आलं. जरा जोरात म्हणावं? कळेल तिला. पण बाकीच्यांवर अन्याय. जीव मुठीत धरून ती तशीच सहज म्हणाली.

पलीकडं पेन खरडल्याचा आवाज. काकूला वाटलं, गेलं.

"थांबा. कसला वास? गॅसचा?"

"असेल. माझ्या पैशांचं बोल!"

"पैसे नंतर, काकू. लाईटचं कुठलंच बटण लावू नका, बंदपण करू नका. रेग्युलेटर हाताशी असेल तर बंद करा आणि बाहेर या. घरात कोण आहे अजून? त्यांनाही घ्या. बाहेर येऊनच बोला."

काकू उठली. फोन कानाला लावून दार उघडलं आणि थेट व्हरांड्यात.

"अगं, कुठं चाललीस?" साहेब मागे धावले.

"आले," काकू फोनमध्ये म्हणाली. "आले गं बाहेर."

"घरापासून लांब उभ्या राहा. मी गळतीवाल्यांना कळवतेय. फोन ठेवू नका हं."

काकूनं फोनवर हात ठेवला. "साहेब, सोमवारी हीच बसणार."

 फोन चालू होता, आणि काकूला तो ठेववत नव्हता.