निम्म्याहून जास्त झाकलेलं

वाळूजच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं माल तपासला. बाहेरून सुटे भाग यायचे, मी मोजायचो. मापात असले तर हिरवी चिठ्ठी, नसले तर लाल. लाल चिठ्ठीचा आमच्याकडे एक नियम होता. तिच्यावर ड्रॉइंगचा नंबर, ड्रॉइंगवरचं माप आणि प्रत्यक्षात आलेलं माप, तिन्ही लिहायचं. नुसतं ‘माल खराब’ लिहिलेली चिठ्ठी आमचे साहेब फाडून टाकायचे. म्हणायचे, हे मत झालं, तपासणी नव्हे.

आमचा विभाग बंद झाल्यावर मी घरी बसून संगणकावर फोटोंवर चौकटी काढण्याचं काम घेतलं. रस्त्याचे फोटो येतात. त्यातल्या प्रत्येक वाहनाभोवती चौकट ओढायची आणि ते काय आहे ते लिहायचं: मोटार, बस, रिक्षा, दुचाकी. आपोआप चालणाऱ्या गाड्यांना रस्ता कसा ओळखायचा ते या फोटोंवरून शिकवतात म्हणे. चाळीस फोटोंचा एक गठ्ठा. तो पाठवला की कुठेतरी बसलेला एक तपासणारा तो बघतो आणि मंजूर करतो किंवा परत पाठवतो. त्याचं नाव कळत नाही, गाव कळत नाही. पहिले साठ गठ्ठे शिकाऊ म्हणून सोडतात; त्यानंतर शंभरातले पंच्याण्णव गठ्ठे मंजूर राहिले तरच काम चालू राहतं. त्याखाली गेलात की दार बंद, आणि ते पुन्हा उघडत नाही.

परवाच्या उन्हाळ्यात माझे पूर्ण साठ गठ्ठे झाले होते. सुरुवातीच्या काळात माझ्या चुकीनेच तीन परत आले होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे साठात सत्तावन, बरोबर पंच्याण्णव टक्के. आणि एका सकाळी एकसष्टावा गठ्ठा लाल होऊन समोर आला. सत्तावन भागिले एकसष्ट: त्र्याण्णव पूर्णांक चव्वेचाळीस.

तपासणाऱ्याचा शेरा दोन ओळींचा होता. बरीच वाहनं सुटली आहेत, सूचना पाळलेल्या नाहीत. खाली पाच फोटोंचे नंबर. खाली एक बटण: फेरतपासणी मागायची असेल तर सात दिवसांत, एकदाच, हजार अक्षरांत. तोवर माझं काम थांबलेलं.

बायको नळाला पाणी आलं म्हणून पिंप भरत होती. तिला सांगितलं.

‘‘आयुष्यभर दुसऱ्याच्या मालावर लाल चिठ्ठ्या चिकटवल्या,’’ ती म्हणाली, ‘‘आता एक तुम्हाला चिकटली. कसं वाटतंय?’’

‘‘माझ्या चिठ्ठीवर माप असायचं.’’

‘‘मग माप मागा ना त्याला. माझ्यावर कशाला डाफरताय? आणि ती बादली सरकवा.’’

माझा एक जुना सहकारी, शिफ्टच्या बसमध्ये वर्षानुवर्षं माझ्या शेजारी बसलेला, हेच काम करतो. मूळचा पैठणकडचा. त्याला फोन केला तर तो हसला.

‘‘अरे, ते लोक आपलं ऐकत असतेत व्हय? मागं माझाबी एक उडवला. मी लई गयावया केली. लिहिलं, साहेब, घरचं सगळं याच्यावर चालतंय, एक डाव माफ करा.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, उत्तरच नाय. तूबी लिहून बघ. थोडं रडून लिही. तुझं इंग्रजी बरंय.’’

‘‘मी रडणार नाही. काम बरोबर असेल तर माफी कशाची?’’

‘‘आन चूक असंल तर?’’

हा प्रश्न बरोबर होता. म्हणून मी आधी मोजायला बसलो.

कारखान्यातली एक सवय माझी सुटलेली नाही. कोणतंही काम हाती घेतलं की त्याच्या वर्णनाचा कागद छापून घेतो, वर तारीख टाकतो आणि समोरच्या भिंतीला लावतो. या कामाचं वर्णन दोन पानांचं. त्यातला चौथा नियम असा: जे वाहन दुसऱ्या कशामागे निम्म्याहून जास्त झाकलेलं आहे, त्याला चौकट काढू नये. खाली नमुन्याची तीन चित्रं. दुसऱ्या चित्रात बसच्या मागून एका मोटारीचं फक्त नाक दिसतं, आणि तिच्याभोवती चौकट नाही. नियम नववा: शंभर वाहनांमागे दोनपर्यंत चुका चालतील.

तपासणाऱ्याने सांगितलेले पाच फोटो उघडले. त्यांत मी चौकट न काढलेली वाहनं अकरा निघाली. प्रत्येकाची दिसणारी बाजू पडद्यावर पट्टीने मोजली, आणि तसलंच पूर्ण वाहन जवळपास उभं असेल त्याच्याशी ताडून किती झाकलं गेलंय त्याचा अंदाज काढला. नऊ वाहनं नि:संशय निम्म्याहून जास्त झाकलेली. एका टेम्पोचा मागचा फाळका नि एक चाक, एका रिक्षाचं नुसतं टप. दहावी एक मोटार काठावरची. माझ्या मोजणीने पंचेचाळीस टक्के दिसत होती. अकरावी मात्र फळांच्या गाडीशेजारची पांढरी स्कूटर. तिचं साठ टक्के तरी दिसत होतं. ती मी सोडली होती. सरळ चूक.

मग उरलेले पस्तीस फोटो पाहिले. ते त्याने मागितले नव्हते, पण अर्धा ढीग मोजून निकाल देणं मला जमत नाही. आणखी एक सायकल सुटलेली सापडली. म्हणजे एकूण काढायला हवी होती चारशे चौदा वाहनं, त्यातली दोन सुटली. अर्ध्या टक्क्याच्या आत. नियम दोन टक्क्यांचा.

सहकारी संध्याकाळी घरी आला. माझा कागद वाचून त्याने कपाळावर हात मारला.

‘‘सायकल कशाला लिहितोस? त्याला दिसली नाय, तूच दाखवतो व्हय? आपल्या हातानं आपल्याच मालावर लाल चिठ्ठी!’’

‘‘त्याला दिसली नाही तरी ती आहेच ना?’’

‘‘वहिनी, याला समजवा वो काहीतरी.’’

बायको चहा घेऊन आली. ‘‘तीस वर्षं समजावतेय, भावजी. भाजीवाल्याचं वजन स्वतः तपासतात, आणि जास्त भरलं तर परत देतात. साखर घ्या.’’

मला त्या वेळी चितेगावचा एक सप्लायर आठवत होता. बुश बनवायचा, दांड्यावर बसणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्या. एकदा त्याचे तीनशे बुश मी नाकारले. ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास चोवीस मिलिमीटर, त्याचे भरले चोवीस पूर्णांक अठरा शतांश. लाल चिठ्ठीवर तिन्ही गोष्टी नीट लिहिल्या. तो संध्याकाळी आला. आवाज चढवला नाही, हातही जोडले नाहीत. खिशातून घडी घातलेलं ड्रॉइंग काढून माझ्या टेबलावर पसरलं आणि म्हणाला, ‘‘साहेब, राग नका मानू. तुमच्याकडचं बी आहे का सी, तेवढं बघता का?’’ ड्रॉइंग बदललं की त्याच्यावर पुढचं अक्षर येतं. सी मध्ये व्यास चोवीस पूर्णांक वीस शतांश झाला होता, दोन-तीन शतांश इकडेतिकडे चालणार होते. माझ्यासमोर फळ्यावर बी लटकत होतं. सी महिनाभर माझ्याच खणात पडून. त्याचा माल बरोबर होता. माझं माप बरोबर होतं. कागद चुकीचा होता.

त्याचं ते वाक्य मी वर्षानुवर्षं विसरलो नव्हतो. त्यात विनवणी नव्हती आणि आरोपही नव्हता. पण तो जागचा हललाही नव्हता.

मी फेरतपासणीचा मजकूर इंग्रजीत लिहिला. त्याचा आशय असा होता: आपण वेळ दिलात, आभारी आहे. निकालाशी मी सहमत नाही. आपण दाखवलेल्या पाच फोटोंत चौकट नसलेली वाहनं अकरा आहेत. त्यांतली दहा निम्म्याहून जास्त झाकलेली आहेत. कामाच्या वर्णनातला नियम चार आणि नमुना चित्र दोन पाहावं. दहांपैकी एक काठावर आहे, माझ्या अंदाजाने पंचेचाळीस टक्के दिसते. अकरावी, फोटो सव्वीसमधली स्कूटर, ही माझी चूक. पूर्ण गठ्ठ्यात अशी आणखी एक सापडली, फोटो एकतीसमधली सायकल. चारशे चौदांत दोन. नियम नऊप्रमाणे हे मर्यादेत आहे. मी सवलत मागत नाही. ज्या वर्णनावरून काम केलं, त्याच वर्णनावरून ते तपासलं जावं, एवढंच. आपण दुसऱ्या सूचना पाहत असाल तर त्या कृपया कळवाव्यात.

‘‘‘सवलत मागत नाही’ हे काढ,’’ सहकारी म्हणाला. ‘‘डोक्यात जाईल त्याच्या.’’

‘‘जाऊ दे.’’

‘‘काम जाईल!’’

‘‘काम आजही गेलेलंच आहे. खोटं लिहून गेलं तर वाईट वाटेल. मोजून गेलं तर नाही.’’ हे बोलताना मी दिसत होतो तेवढा शांत नव्हतो. एकदाच मिळणारं बटण होतं, आणि या वयात तिसरं काम कोण देणार हे मला ठाऊक होतं. तरी बटण दाबलं ते वाक्य ठेवूनच.

चार दिवस काही आलं नाही. मी बायकोचे मसाल्याचे डबे पुसले, पंख्याची पाती पुसली. तिने पाचव्या दिवशी सकाळी सांगितलं की आता घरात पुसायला काही उरलेलं नाही, तेव्हा संगणक तरी उघडा.

उत्तर आलं होतं. गठ्ठा मंजूर. शेरा या वेळी तीन ओळींचा: पहिल्या तपासणीत दुसऱ्या कामाच्या सूचना लावल्या गेल्या, त्यात झाकलेली वाहनंही धरायची असतात. या कामाला नियम चारच लागू. काठावरची मोटार मात्र पंचावन्न टक्के दिसते असं धरलं आहे. तीन चुका, तरी मर्यादेत.

मी पुन्हा पट्टी काढली. मोटार पंचेचाळीस टक्केच होती. तसं त्याला कळवायला जागा नव्हती. बटण संपलं होतं. मी ते भिंतीवरच्या कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवलं, तारखेसह.

सहकाऱ्याला फोन केला. ‘‘माफी मागितली का त्यानं?’’ हा त्याचा पहिला प्रश्न.

‘‘नाही. चूक कुठे झाली ते लिहिलंय.’’

‘‘मग माझे कालच उडवलेले दोन घेऊन येतो. लिही तूच.’’

‘‘आण. आधी मोजू. तुझी चूक निघाली तर तीही लिहीन.’’

‘‘हे तुझं लई अवघड आहे बघ,’’ तो म्हणाला. पण आला.

चितेगावच्या त्या माणसाला मात्र मी त्या संध्याकाळी काहीच सांगितलं नव्हतं. लाल चिठ्ठी काढली, हिरवी लावली, आणि ‘माल उतरवा’ म्हणालो. कुठल्या तरी अनोळखी गावच्या तपासणाऱ्याने मला लिहून दिलं ते एक वाक्य, चूक कुठे झाली ते, मी त्याला तोंडीही दिलं नव्हतं. त्याचा नंबर जुन्या डायरीत अजून आहे. सहकाऱ्याचे फोटो मोजून झाल्यावर मी तो फिरवला. पलीकडून ‘‘कोण?’’ असं विचारलं गेलं, तेव्हा मी नाव सांगण्याआधी म्हणालो, ‘‘माझ्याकडचं ड्रॉइंग बी होतं, सी नव्हतं.’’