चॅनेलवर काय काय कळवू

आमच्या राइस मिलचं इन्स्टाग्राम पेज ताईने सुरू केलं होतं. धानाचे ढीग, तांदळाची मूठ, भरडताना उडणाऱ्या कोंड्याने पांढऱ्या झालेल्या बाबांच्या भुवया असे फोटो ती टाकायची आणि खाली गप्पा मारल्यासारखं लिहायची. नागपूर-पुण्याला गेलेले इकडचे लोक तिला उत्तरं द्यायचे, ती त्यांना उत्तरं द्यायची. लग्न होऊन ती रायपूरला गेली आणि पेज माझ्याकडे आलं. मी महिन्यातून एखादा फोटो टाकायची, खाली काहीच न लिहिता.

मला बोलायला जमत नाही. लहानपणापासून ताईच माझ्या वतीने बोलायची. शाळेत मला पाणी प्यायला जायचं असलं तरी दुसऱ्या वर्गातून येऊन बाईंना तीच सांगायची. फोन वाजला की मी तिच्याकडे बघायची आणि ती उचलायची. ती गेल्यावर घरात माझ्या वतीने बोलणारं कुणी उरलं नाही. हे मी तिला कधी सांगितलं नाही. तेही तिनेच सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

धानकापणी जवळ आली की बाबांचा फोन दिवसभर वाजतो. वासाचा चिन्नोर निघाला का? मागच्या सालचा जुना हाये का? गाडी कधी? मिल सुरू असताना बाबांना फोन ऐकू येत नाही आणि ऐकू आला तर मिल ऐकू येत नाही. त्यांना कुणीतरी व्हॉट्सॲप चॅनेलचं सांगितलं.

"एक डाव लिवलं की साऱ्याइले दिसते म्हणे," बाबा म्हणाले. "तू इंग्लिश मीडियमची हायेस, तूच बनव."

चॅनेल पाच मिनिटांत तयार झालं. अडलं ते पेजवर लोकांना बोलावण्याच्या कॅप्शनपाशी. मी मोठ्या दुकानांची कॅप्शन पाहिली आणि तसंच लिहिलं: रोज नव्या पाककृती, खास सवलती, मिलमधल्या पडद्यामागच्या गोष्टी, सगळ्यात आधी फक्त तुम्हाला. आई तांदूळ निवडत होती. तिला वाचून दाखवलं.

"रोज पाककृती कोण देईन? तू?" आई म्हणाली. "तुले तर वरण फोडणी द्याले येत नाही."

"असं लिहितात गं."

"आन् सवलत कोनती? तुह्या बाबानं जलमात कोनाले सवलत देली का?"

बाबा दारातून म्हणाले, "देली होती. तुह्या मामाले."

"मंग त्याइलेच बोलाव चॅनेलवर."

मी खोडलं. मग बाबांना विचारलं, आपण वर्षभरात लोकांना खरंच काय सांगतो? त्यांनी बराच विचार केला. तीनच गोष्टी निघाल्या. कोणता धान भरडला. वर्षभर ठेवलेला जुना तांदूळ कधी उघडला. नागपूरची गाडी कधी निघणार. बस. मी दुपारभर बसून लिहिलं:

"आमच्या मिलचं व्हॉट्सॲप चॅनेल सुरू झालं आहे. लिंक बायोमध्ये आहे. तिथे तीनच गोष्टी कळतील: कोणता तांदूळ निघाला, जुना कधी उघडला आणि गाडी कधी निघणार. हंगामात आठवड्यातून दोन-तीनदा, एरवी महिन्यातून एकदा. सुप्रभात नाही, सणांच्या शुभेच्छा नाहीत. फॉलो केल्यावर घंटीच्या खुणेवर बोट ठेवा, नाहीतर आवाज येणार नाही. आमचे निरोप चॅटमध्ये शोधू नका, ते 'अपडेट्स'मध्ये दिसतील. तुमचा नंबर दुसऱ्या फॉलोअरना दिसत नाही. तिथे तुम्हाला उत्तर लिहिता येणार नाही. तांदूळ हवा असेल तर नेहमीसारखा मिलवर फोन करा."

उत्तर लिहिता येणार नाही, हे वाक्य लिहिताना मला हायसं वाटलं होतं. मी लिहीन, लोक वाचतील, फार तर एखादा अंगठा दाखवतील. माझ्यासाठीच कुणी बनवल्यासारखं ते होतं.

पण त्या कॅप्शनमध्ये माझा एक स्वार्थ होता. ज्यांचे नंबर मिलच्या फोनमध्ये सेव्ह आहेत, त्यांनी फॉलो केलं की त्यांची नावं मला यादीत ओळखू येतात. मी ताईच्या नावाची वाट बघत होते. ती आली की प्रत्येक निरोप मी तिलाच लिहीन आणि ते कुणाला कळणारही नाही, असं मी ठरवलं होतं. यादीत अड्याळचे मास्तर आले, वरठीच्या कारखान्यातले दोघं आले, पुण्याच्या एक काकू आल्या. ताई आली नाही. मी दिवसातून चार-पाचदा यादी उघडायची.

मग चिन्नोर निघाला. त्या दिवशी सगळी मिल भात शिजत असल्यासारखी वासाने भरते. मी लगेच चॅनेलवर टाकलं: चिन्नोर निघाला, शुक्रवारची गाडी. बाबांचा फोन पहिल्यांदाच गप्प राहिला. सगळे खूश होते.

चार दिवसांनी आईच्या फोनवर ताईचा फोन आला. आईने दोन वाक्यं ऐकली आणि फोन माझ्या हातात दिला.

"चिन्नोर निघाला म्हणे आपला," ताई म्हणाली.

"हो. चॅनेलवर टाकलं होतं."

"मले शेजारच्या वहिनीनं सांगितलं. आपल्या पवनीकडच्या हायेत त्या, मीच पेज दाखवलं होतं. म्हणे, तुमच्या माहेरचा तांदूर आला, तुमाले मालूम नाही का? सासूबाई तिथंच बसल्या होत्या."

आमच्या घरी चिन्नोर निघाला की पहिला फोन सासरी गेलेल्या लेकींना जातो. आत्यांना जायचा, मागच्या वर्षी ताईला गेला आणि बाबा वरठी स्टेशनहून रेल्वेत बसून तिला तांदूळ देऊन आले. या वर्षी बाबांना वाटलं आईने सांगितलं, आईला वाटलं मी सांगितलं. आणि मी तर साऱ्या जगाला सांगितलं होतं.

"तू फॉलो का नाही केलंस?" मी विचारलं. महिनाभर तोंडात धरलेला प्रश्न होता.

"काहून करू? मी गिऱ्हाईक हावो का?"

"तसं नाही गं."

"वाचलं मी तुवं कॅप्शन. सुंदर लिवलं. मंग आलं, इथं उत्तर लिहिता येणार नाही. तर मी तिथं कायले येऊ, पोरी? लोकाइच्या मांगं उभी राहून तुले पाहाले?"

अशा वेळी माझ्या वतीने तीच बोलायची, आज ती वाट बघत होती. रायपूरकडून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. तीन झाल्या. मग मीच म्हणाले, "ताई, मला करमत नाही."

"माहीत हाये," ती म्हणाली. "पन तू सांगत नाहीस."

मग मी सांगत गेले. या वेळी दाणा बारीक आहे, तुटकी कनकी कमी निघाली, बाबांच्या भुवया तशाच पांढऱ्या आहेत. आईने तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. शेवटी मी पुन्हा विचारलं, आता तरी फॉलो करशील ना?

"नाही. तू फोन कर."

बाबा त्याच शनिवारी तांदूळ घेऊन रायपूरला गेले. मी सोबत जाणार होते, पण मिलवर कुणीतरी थांबायला हवं होतं.

तेव्हापासून चॅनेलवर काही टाकायच्या आधी मी ताईला फोन करते. ती घरकामात असते, नेहमी उचलत नाही. आज जुना तांदूळ उघडलाय. सकाळपासून दोनदा लावला, नुसता वाजतोय. गाडीवाला हॉर्न देतोय आणि बाबा खालून ओरडतायत, "टाकलं का व?"

"टाकते, थांबा," मी म्हणते आणि तिसऱ्यांदा लावते.