सगळ्यांना पस्तीस

चांगदेव सरांच्या हाताखाली कुणी नापास व्हायचं नाही, अशी आमच्या डोंबिवलीच्या इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची ख्याती. मी नीला, तिथल्या लॅबची इनचार्ज. बावीस वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसतेय. माणूस देवासारखा, पण एक खोड जाता जात नाही. पेपर तपासायचा कंटाळा आला की सगळ्यांना सारखे मार्क देऊन टाकायचे आणि वर म्हणायचं, "जाऊ दे गं, पोरांचं भलंच होईल ना?"

यंदा टर्म संपत आली तेव्हा वर्गातला सूरज नापासाच्या काठावर होता. चार असाइनमेंट, प्रत्येकी पन्नास मार्कांच्या. दोनशेपैकी शहात्तर, म्हणजे अडतीस टक्के. पासिंग चाळीसला. सरांचा जीव कळवळला. त्यांनी ऑनलाइन पोर्टलवर पाचवी असाइनमेंट टाकली, सेमिनारचा रिपोर्ट, पन्नास मार्कांची. पोरांनी रिपोर्ट दिले. सरांनी एकही न वाचता सगळ्यांना पस्तीस दिले. सूरजचे अडीचशेपैकी एकशे अकरा झाले, चव्वेचाळीस टक्क्यांच्या वर. सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मीही खाल्ला.

त्याच आठवड्यात कोलशेतच्या एका कंपनीला मुलाखतीसाठी नावं पाठवायची होती. अट एकच, ऐंशी टक्के. पायलचं नाव पक्कं धरलेलं. शहाडची पोरगी, बाप मारुती वॉचमन, घरात पहिलीच एवढं शिकलेली. पण आम्ही पोर्टलवर बघतो तर एकोणऐंशी पॉइंट सहा! यादीत तिचं नाव गेलंच नाही.

सर भर वर्गात तिच्यावर उखडले. "ब्याऐंशी होते ना गं तुझे? शेवटच्या महिन्यात हवेत गेलीस? नोकरी हातात येतेय म्हटल्यावर अभ्यास सुटला, काय?" पोरगी खाली मान घालून म्हणाली, "सर, मी सगळं वेळेत दिलंय." सर कुठले ऐकतायत! संध्याकाळी तिच्या वडिलांनाही फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मला राहवेना. तिचं पान उघडून मी सरांना बोलावलं.

"बघा, चार असाइनमेंटमध्ये दोनशेपैकी एकशे चौसष्ट. ब्याऐंशी टक्के. एकाही मार्कानं ती घसरलेली नाही. मग तुमची पाचवी आली. वर पस्तीस वाढले, पण खाली पन्नास वाढले. एकशे नव्व्याण्णव भागिले अडीचशे."

"अगं, पण मी तर मार्क दिले. दिल्यावर कमी कसे होतील?"

"पन्नासपैकी पस्तीस म्हणजे सत्तर टक्के हो. जो सत्तरच्या खाली होता तो वर आला, जो वर होता तो खाली आला. सूरजला हात दिलात आणि हिला ढकललंत. तिचा रिपोर्ट तरी वाचलात का?"

सरांनी तिथेच बसून रिपोर्ट वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "पंचेचाळीसच्या खाली देताच येत नाही गं." पंचेचाळीस धरले असते तर दोनशे नऊ झाले असते, टक्के ब्याऐंशीच्याही वर. पोर्टलवर मार्क सुधारले, कंपनीला फोन केला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, यादी बंद झाली, आता पुढच्या वर्षी.

सरांनी पायलला जिन्याजवळ गाठलं आणि हळू आवाजात माफी मागितली. मी मागेच होते. पोरगी म्हणाली, "सर, ओरडलात ते वर्गात. माफी इथे का?" मेल्याहून मेल्यासारखं झालं हो त्यांना. पण गेले वर्गात. फळ्यावर सूरजचा आणि पायलचा, दोन्ही हिशेब मांडले आणि म्हणाले, "पायल कमी पडली नव्हती. मी वाचलं नाही." सूरजनं मान वर केली नाही. पायल बाकावरून म्हणाली, "हे माझ्या बाबांनाही सांगाल?"

म्हणून त्याच संध्याकाळी आम्ही दोघं शहाडला तिच्या घरी गेलो. मारुती ड्युटीवर निघायच्या तयारीत होता, युनिफॉर्मची बटणं लावत. सरांना बघून गडबडीनं खुर्ची पुसून पुढे केली. सर बसले नाहीत. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, अडखळत, एकदा चुकून परत पहिल्यापासून.

मारुतीचे हात बटणावरच थांबले. त्यानं आतल्या खोलीच्या पडद्याकडे बघितलं. पडद्यामागे पायल होती.

"काल रडत रडत सांगत होती, बाबा, मी काही चुकवलं नाही," तो म्हणाला. "मी तिला खोटारडी म्हणालो. म्हटलं, सर कशाला खोटं बोलतील?"