हिरव्या बैठकीतला हत्ती

मला बघायला मोताळ्याचे पाहुणे येणार, असं ठरलं आणि बाबांनी बैठकीला तेलरंग लावायचं काढलं. त्यांनी खामगावच्या दवाखान्यात हिरव्या गुळगुळीत भिंती पाहिल्या होत्या. पिंपळगावात तसं घर कोणाचंच नव्हतं. चुन्यावर चुना चढून आमची बैठक दोन बोटं अरुंद झाली असेल, असं आई म्हणायची.

खामगावहून रंगारी आले. आम्ही पोरी त्यांना चाचा म्हणायचो, बाबा उस्ताद म्हणत. पांढरी दाढी, तोंडात पान, आणि बोलणं अखंड. आपल्या हातचा रंग पावसालासुद्धा घाबरत नाही, असं ते आल्या आल्या सांगून मोकळे झाले. मग त्यांनी दोरी घेऊन खोली मोजली. वीस फूट लांब, पंधरा रुंद, दहा उंच.

"चारी भितीची गोळाबेरीज सातशे चौरस फूट," चाचा म्हणाले. "दारं-खिडक्याचे शंभर वजा करा. राह्यले सहाशे. दोन हात द्या लागतात, म्हणजे बाराशे. एका गॅलनात चारशे फूट निघते. तीन गॅलन आना, पाटील."

तेव्हा लढाईचे दिवस होते. बाजारात रंग मिळणं कठीण. बाबा खामगावला गेले आणि दोन गॅलन रंग, एक गॅलन टर्पेंटाइन घेऊन परत आले. बैलगाडीतून डबे उतरवताना त्यांचा चेहरा लढाई जिंकल्यासारखा.

"दोन अन् एक तीन," बाबा म्हणाले. "झाले का नाई तुमचे तीन गॅलन?"

चाचांनी पान थुंकलं. "पाटील, हा रंग हाये, कढी नाई."

"काऊन? पातळ केला तं जास्त नाई पुरत?"

"पुरते ना! पन टर्पेंटाइन उडून जाते. भितीवर काय राह्यते? दोनच गॅलन. तीन गॅलनचं काम दोन गॅलननं केलं तं रंगाचा थर दोन तिहाईच बसंल. पहिल्या हाताले दहा हिश्श्यात एक हिस्सा टर्पेंटाइन टाकतो मी, रंग भितीत मुरावा म्हनून. वरच्या हाताले तं जवळपास नाईच."

"तुमी लावा तं खरं."

"मालक तुमी," चाचा म्हणाले, आणि त्यांनी जो रुसवा धरला तो चार दिवस टिकला.

आधी जुना चुना खरवडायचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी लांब भिंतीवरून, ज्या भिंतीला दार नाही की खिडकी नाही, पापुद्रे पडू लागले आणि आतून एक पाय निघाला. मग दुसरा. मग सोंड. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. आजोबांच्या लग्नात कुण्या चिताऱ्यानं गेरू आणि काजळ तेलात कालवून हत्ती काढला होता. तिनं तो सासूकडून फक्त ऐकला होता. हत्ती भिंतीत असा मुरला होता की खरवडून निघेना.

"दबंल हिरव्याखाली," बाबा म्हणाले.

चाचांनी भिंतीला जवसाच्या तेलाचं अस्तर दिलं, ते वाळू दिलं, आणि मग बाबांच्या देखरेखीखाली दोन गॅलन रंगात एक गॅलन टर्पेंटाइन ओतलं. रंग ढवळताना काडीवरून पाण्यासारखा सुटत होता. पहिल्या हातालाच भिंतीवरून हिरवे ओघळ फरशीपर्यंत आले. चाचा ब्रश आडवा फिरवत ओघळ पकडायचे, तोवर शेजारून दुसरा निघायचा. दुसरा हात झाला तेव्हा डब्याच्या तळाशी थोडा रंग उरलासुद्धा.

"पुरला का नाई?" बाबा जवळजवळ नाचलेच.

 चाचांनी पान जुळवलं.

सकाळी रंग वाळला आणि हत्ती दिसला. हिरवा हत्ती. सोंड वर करून उभा, पाठीवर झूल, कानाची कड तर अगदी स्पष्ट. बाकीच्या भिंतीही कुठे गडद, कुठे फिक्या.  बाबांनी लगेच खामगावला माणूस पाठवला, तर दुकानात रंग संपलेला. आणि पाहुणे तर परवा यायचे. आईनं सतरंजी टांगली; हत्ती झाकला, पण सोंड बाहेर राहिली. मग सोंड झाकली, तर शेपटी.

पाहुणे आले. मुलाचे वडील बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, हे बाबांना आधी नुसतं अभिमानाचं वाटलं होतं. आता ते सतरंजी पुन्हा पुन्हा नीट करू लागले. ओव्हरसियर साहेब बसले, पाणी प्यायले, भिंतीकडे पाहिलं, उठले, सतरंजीची कड बोटानं वर केली आणि परत येऊन बसले. मी त्यांच्या हातात पोह्यांची बशी देऊन खाली मान घालून उभी. नाव विचारतील, शिक्षण विचारतील, अशी तयारी केली होती.

"पोरी," ते म्हणाले, "हे बैठक किती फुटाची?"

चार दिवस घरात दुसरा विषयच नव्हता. माझ्या तोंडातून भडाभडा निघालं. "लांबी वीस, रुंदी पंधरा, उंची दहा. भिंती सातशे, दारं-खिडक्या शंभर, राह्यले सहाशे. दोन हाताचे बाराशे. चारशेला एक गॅलन, म्हणजे तीन गॅलन."

"वा! अन् आनले किती?"

मी बाबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून सुपारी कातरत होते, पण अडकित्त्यात सुपारी नव्हती.

"दोन," मी म्हणाले.

"मंग दोनच काऊन?"

"तीन आणले असते तर हत्ती दिसला नसता."

 ओव्हरसियर साहेब इतके हसले की त्यांच्या हातातल्या बशीतले पोहे सांडले. आत माजघरातून आईचं हसू ऐकू आलं. बाबाही हसले, थोडे उशिरा.

"पाटील," हसू आवरून साहेबांनी विचारलं, "टर्पेंटाइन किती टाकलं?"

"एक गॅलन," बाबा हळूच म्हणाले.

"दोनात एक! पोरगी हुशार हाये तुमची. बापाले सांभाळून घेते." त्यांनी शेजारी बसलेल्या मुलाकडे पाहिलं. तो भिंतीकडेच बघत होता. पुढे त्यानं मला सांगितलं की आपल्याला हसू आवरत नव्हतं, म्हणून तिकडे पाहिलं.

लग्न ठरलं. पंधरवड्यानं अकोल्याहून एक गॅलन मिळाला आणि बाबांनी चाचांना बोलावलं. रुसवा गेला होता, पण जिभेची धार गेली नव्हती.

"एवढ्यानं होत नाई पाटील. आता पुरा एक हात द्या लागते सहाशे फुटाले. दीड गॅलन पाह्यजे. पह्यलेच तिसरा आनला असता तं तेवढ्यातच झालं असतं."

"नाई मिळत जास्त. काय होते तेवढं करा."

चाचांनी पुन्हा दोरी घेतली. लांब भिंत दोनशे, बिनादाराची. बाकी तिन्ही मिळून, दारं-खिडक्या वजा जाता, बरोबर चारशे. एक गॅलन तेवढ्यालाच. त्यांनी तीन भिंती अशा रंगवल्या की खामगावचा दवाखाना लाजावा. चौथीला हातही लावला नाही.

लढाई संपली, रंग मिळू लागला, तेव्हा मी माहेरी आले असताना बाबांना म्हटलं, आता ती भिंतही करून घ्या. बाबा म्हणाले, "राहू दे. व्याही आले का त्याच भितीले टेकून बसतात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पन मी हत्ती मुद्दाम ठेवला, असंच सांग सगळ्याइले."