पाच आणि पाच दहा, पण छप्पर साठ

इंजिनिअरिंग कॉलेजात मी वर्षानुवर्षं उष्णतावहन शिकवतोय. नांदुऱ्याजवळच्या एका गावातल्या भाजीवाल्या बायांच्या गटाला भाजी गार ठेवायची खोली मीच आखून दिली होती. पत्र्याचं बुटकं छप्पर, भिंतीत मोठा कूलर, आत मेथीचे उघडे क्रेट. सकाळी तोडलेली मेथी दुपारभर तिथं थांबायची आणि संध्याकाळी टेम्पोनं शेगावच्या लॉजच्या स्वयंपाकघरात जायची. तीनदा वरच्या थरातले क्रेट परत आले. मेथी मान टाकलेली. लॉजवाल्यानं सांगितलं, आज पुन्हा तसंच झालं तर उद्यापासून भाजी दुसरीकडून.

गटाच्या प्रमुख काकूंनी मला भर दुपारी बोलावून घेतलं. मी तापट माणूस, त्यात एप्रिल. दारातूनच सुरू झालो, "पाणी मारता की नाही वेळेवर?"

"मारतो हो सर. खालची मेथी तर टवटवीत हाये. वरचीच काऊन सुकते, ते सांगा."

मी थर्मामीटर दाखवला. हवा सव्वीस, पाला अठ्ठावीस. आणि मग वहीतला हिशेब, अभिमानानं. वाऱ्याने उष्णता नेण्याचा गुणांक पाच. रेडिएशन म्हणजे वस्तू नुसत्या समोरासमोर असल्या तरी होणारी उष्णतेची देवघेव. ती तापमानाच्या चौथ्या घातावर चालते, पण फरक थोडा असेल तर तिलाही साधा गुणांक देता येतो, तोही पाचच. दोन्हींची बेरीज दहा. दहा गुणिले दोन अंश, म्हणजे दर चौरस मीटरला वीस वॅट उष्णता पाल्यातून बाहेर जातेय. मेथी गार होतेय, वही म्हणतेय!

काकू उंच बाई. वही न बघता म्हणाल्या, "तुमचं सव्वीस असन. पण माह्या डोक्याले इथं चटके बसून राह्यले."

मी चिडून वरच्या क्रेटवर हात धरला. तळवा खाली केला तर गार वारा. तळवा वर केला. चूल पेटली आहे असं वाटलं! हवा तीच, हात तोच, फक्त तोंड छपराकडे.

गाडीतून तापमान मोजायची बंदूक धावत आणली. छपराची आतली बाजू साठ अंश, आणि ती रंग लावलेली, म्हणजे कोऱ्या चकचकीत पत्र्यावर फसते तशी बंदूक इथं फसलेली नव्हती.

मला इतका आनंद झाला की लाज वाटून घ्यायचं विसरलो. दोन गुणांक एका फरकाशी गुणायचे तर हवा आणि आजूबाजूच्या भिंती-छप्पर एकाच तापमानाला हवेत. परीक्षेतल्या प्रत्येक गणितात ते असतातच, कारण आम्हीच तसं लिहितो. 'परिसर व हवा समान तापमानाला' असं लिहून लिहून माझा हात ती बेरीज झोपेतही करतो. इथं मात्र हवा सव्वीस आणि छप्पर साठ! वारा पाल्यातून दहा वॅट नेत होता, आणि छप्पर त्यात दोनशेच्या आसपास ओतत होतं. छप्पर एवढं तापलं की गुणांकही पाच राहत नाही, सहाच्या पुढे जातो. गुणाकार तर बत्तीस अंशांच्या फरकाशी. पाला तरी अठ्ठावीसवर टिकला होता तो अंगातलं पाणी उडवून, म्हणूनच मान टाकत होता. माझं उत्तर दहापट चुकलं होतं आणि दिशाही उलटी होती.

"काकू, चूक माझी आहे! मेथीची नाही, पाण्याची नाही, तुमची नाही!"

"मंग आता काय करता?" त्यांना माझ्या आनंदाचं काही कौतुक नव्हतं. टेम्पो चारला येणार होता.

छपराखाली हातभर जागा सोडून आम्ही रिकामी पोती ताणून बांधली. मी स्टुलावर, बाया खालून दोऱ्या ओढत. कूलरचा वारा पोत्यांच्या दोन्ही बाजूंनी खेळेल असं बघितलं, पोत्यांवर पाणी शिंपडलं. अर्ध्या तासानं बंदूक लावली. खालची बाजू सत्तावीस! आता मेथीला दिसणारं छत आणि हवा जवळजवळ एकाच तापमानाला, आणि फरकही किरकोळ. आता पाच आणि पाच दहा करायला हरकत नव्हती. मी स्टुलावरून तसं ओरडलो.

"खाली उतरा, पडसान," काकू म्हणाल्या.

टेम्पो गेला. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तेच गणित फळ्यावर मांडत होतो, परिसर आणि हवा वेगळ्या तापमानाला ठेवून. फोन वाजला, काकूंचा. वर्गात फोन घेणाऱ्या पोरांना मी बाहेर काढतो. मी घेतला.

"सर, लॉजवाल्यानं सगळे क्रेट घेतले."

"वरचेही?"

"हाव. आधी वरचेच घेतले."